क्षमतेचा खरा आकडा

मोठा ग्राहक दारात आला म्हणजे छोट्या पेढीच्या तोंडून सर्वप्रथम निघणारा शब्द असतो 'होईल'. या शब्दात खोटे बोलण्याचा हेतू क्वचितच असतो. त्यात उमेद असते, संधी निसटण्याचे भय असते आणि पुढचे पुढे पाहू ही सवयही असते. परंतु समोरचा खरेदी अधिकारी हा शब्द उमेद म्हणून ऐकत नाही. तो त्याची वहीत नोंद करतो आणि त्या नोंदीवर आपल्या कारखान्याचे महिन्याचे वेळापत्रक बांधतो. दोघांच्या अडचणी येथूनच सुरू होतात. आपली क्षमता अपुरी आहे हे सांगूनही मागणी हातची जाऊ नये, यासाठी काय सांगावे, केव्हा सांगावे आणि कोणत्या आधारावर सांगावे, हा व्यवहारातील एक नाजूक प्रश्न आहे. हिंगोली जिल्ह्यातील हळदीच्या धंद्यात तो फार स्पष्टपणे दिसतो.

हिंगोली जिल्ह्याची हळद आता दूरच्या खरेदीदारांनाही ठाऊक झाली आहे. 'वसमत हळद' या नावाला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हिंगोली आणि वसमतच्या मोंढ्यांत हंगामात मोठी आवक होते. नाव झाले की मोठ्या मसाला कंपन्यांची विचारणा येते, आणि ती अनेकदा अशा गिरणीकडे येते, जिच्यात एकच पल्व्हरायझर, एकच गोदाम आणि आठ-दहा माणसे असतात. अशा एका पेढीचे उदाहरण घेऊ. ही पेढी कोणा एकाची नाही, तिचे आकडेही केवळ हिशेब समजावा म्हणून धरलेले आहेत. परंतु तिच्यापुढील अडचणी त्या भागातील कोणत्याही गिरणीवाल्याच्या ओळखीच्या आहेत.

वसमतजवळच्या या पेढीकडे मुंबईच्या एका मोठ्या मसाला कंपनीची विचारणा आली. हळद पावडर, दरमहा 30 टन, वर्षभर. पेढीच्या आजवरच्या विक्रीच्या कितीतरी पट ही मागणी होती. मालकांचा मुलगा वाणिज्य शाखेचे शिक्षण घेऊन नुकताच पेढीवर बसू लागला होता. त्याने यंत्राच्या पाटीवरचा आकडा घेऊन हिशेब मांडला. तासाला 200 किलो, दिवसाचे 10 तास, महिन्याचे 25 दिवस, म्हणजे 50 टन. "बाबा, तीस टन सहज होतील. उलट वीस टन शिल्लक राहतील," असे तो म्हणाला. मालकांनी तो कागद बाजूला ठेवला आणि मुनीमजींना मागील बारा महिन्यांची उत्पादनवही आणि विजेची बिले काढायला सांगितली.

यंत्राच्या पाटीवरचा आकडा आणि पेढीचा आकडा यांत नेहमीच अंतर असते, आणि त्याची कारणे साधी असतात. हळकुंड कठीण असते. कंपनीला हवी तितकी बारीक पावडर काढायची तर बारीक जाळी लावावी लागते आणि मग तासाला 200 ऐवजी 150 किलोच माल निघतो. यंत्र सलग चालवले तर ते तापते, तापलेल्या पावडरीचा रंग आणि सुवास उतरतो, म्हणून मधे थांबावे लागते. वीज जाते, जाळी फाटते, एका प्रतीनंतर दुसरी प्रत दळण्यापूर्वी यंत्र झाडून घ्यावे लागते. दहा तासांच्या पाळीत प्रत्यक्ष दळण सात तासांचेच होते. म्हणजे दिवसाला सुमारे एक टन आणि महिन्याला 25 टन.

या आकड्याची पडताळणी विजेच्या बिलाने होते. कर्जाचा प्रस्ताव तपासताना बँकेतही हीच युक्ती वापरतात. पेढीने ज्या महिन्यांत किती टन माल काढला हे निश्चित ठाऊक आहे, त्या महिन्यांचे युनिट टनांनी भागावेत. टनामागे किती युनिट लागतात, ते कळते. मग कोणत्याही महिन्याचे बिल घेऊन त्या महिन्याचे उत्पादन ताडता येते. वहीत 25 टन लिहिलेले असावे आणि वीज मात्र अठरा टनांइतकीच जळालेली असावी, तर वहीकडे पुन्हा पाहिले पाहिजे. या पेढीत नेमके तसे निघाले. जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर या तीन महिन्यांची बिले कमी होती. मुनीमजींनी कारण सांगितले. पावसाळ्यात हवेत ओल असते, पावडर जाळीला चिकटते, गुठळ्या होतात आणि दळण मंदावते. वहीत ते दिसत नव्हते, कारण आधी दळून ठेवलेल्या साठ्यातून झालेली विक्री त्याच महिन्यांचे उत्पादन म्हणून मांडली गेली होती. त्या तीन महिन्यांतील खरे उत्पादन महिन्याला 18 टनच होते.

यातून आणखी एक वजाबाकी करावी लागते, आणि मोठ्या मागणीच्या आनंदात नेमकी तीच विसरली जाते. नांदेड, परभणी आणि वाशीमचे जुने दुकानदार या पेढीकडून महिन्याला सात टन माल उचलतात. त्यांच्याशी कोणताही लेखी करार नाही, परंतु वीस-वीस वर्षांचा शब्द आहे. त्यांचे सात टन वजा केले तर कोरड्या महिन्यांत 18 टन उरतात आणि पावसाळ्यात 11. त्यातही थोडा अवकाश ठेवला पाहिजे, कारण यंत्र बिघडण्यासाठी सोयीचा दिवस शोधत नाही. मालकांनी कागदावर शेवटचे आकडे लिहिले, कोरड्या नऊ महिन्यांत दरमहा 15 टन आणि पावसाळ्याच्या तीन महिन्यांत दरमहा 9 टन. वर्षाचे 162 टन. कंपनीची मागणी 360 टनांची होती.

मुलगा म्हणाला, "दुसरे यंत्र घेऊ. सहा महिन्यांत उभे राहील." मालक म्हणाले, "उभे राहिले की त्याचा माल विकू. आज त्याच्या नावावर शब्द द्यायचा नाही." जे यंत्र अजून कर्जाच्या अर्जात आहे, त्याचे उत्पादन पुरवठ्याच्या पत्रात लिहिणे ही अशा व्यवहारातील सर्वांत महाग चूक ठरते. यंत्र उशिरा येते, वीजजोडणीचा भार वाढवून मिळण्यास वेळ लागतो, नवा कारागीर हात बसेपर्यंत माल बिघडवतो. शब्द मात्र ठरल्या तारखेलाच मागितला जातो.

परंतु खरा अडसर यंत्राचा नव्हताच, तो पैशाचा होता. ही बाब छोट्या पेढ्यांच्या लक्षात बहुधा उशिरा येते. हळदीची काढणी साधारण फेब्रुवारीपासून सुरू होते. शिजवून, वाळवून आणि पॉलिश करून झालेला माल उन्हाळ्यात मोंढ्यावर येतो. प्रत चांगली हवी असेल तर वर्षाचा माल त्याच सुमारास निवडून घेऊन ठेवावा लागतो. दळणातील आणि साफसफाईतील घट चार टक्के धरली, तर 162 टन पावडरीसाठी जवळपास 169 टन हळकुंड लागेल. हिशेबासाठी क्विंटलचा भाव 13,000 रुपये धरला, तर ही खरेदी सुमारे 2 कोटी 20 लाखांची होते.

आता बँकेची बाजू पाहू. छोट्या उद्योगाच्या खेळत्या भांडवलासाठी नायक समितीची पद्धत प्रचलित आहे. वर्षाच्या अपेक्षित विक्रीच्या किमान 20 टक्के इतकी मर्यादा बँक मंजूर करते. पावडरीचा भाव किलोला 165 रुपये धरला, तर या मागणीतून होणारी विक्री सुमारे 2 कोटी 67 लाख, आणि तिच्यावर मिळणारी मर्यादा सुमारे 53 लाख. या पद्धतीमागे एक गृहीतक आहे की पैसा वर्षातून चार वेळा फिरतो. हळदीत तो तसा फिरत नाही, कारण खरेदी तीन-चार महिन्यांत आटोपते आणि विक्री बारा महिने चालते. शिवाय कंपनी बिलाचे पैसे लगेच देत नाही. महिन्याला 15 टन गेले आणि पैसे 45 दिवसांनी आले, तर 37 लाख रुपये सतत कंपनीकडे अडकून राहतात. म्हणजे यंत्र 15 टन दळू शकत असले, तरी तिजोरीला ते झेपेलच असे नाही. ज्या पेढीने केवळ यंत्राची क्षमता सांगितली, तिने अर्धेच सत्य सांगितले.

या अडसरावर दोन मार्ग असतात. पहिला म्हणजे नोंदणीकृत गोदामात माल ठेवून त्या पावतीवर कर्ज घेणे आणि जसजसे पैसे येतील तसतसा माल सोडवणे. दुसरा म्हणजे कंपनीने स्वतः हळकुंड खरेदी करून द्यावे आणि पेढीने केवळ दळणावळ घ्यावी. दुसऱ्या मार्गात नफा कमी, पण जोखीमही कमी. मालकांनी दोन्हींचा हिशेब तयार ठेवला आणि बँकेच्या शाखेत जाऊन गोदाम पावतीवर किती रक्कम मिळू शकेल, याची चौकशी आधीच करून घेतली. कंपनीला उत्तर देण्यापूर्वीची ही पायरी महत्त्वाची होती. आपल्याला पैसा कोठून मिळणार हे ठाऊक नसताना दिलेली तारीख अंदाजाचीच असते.

केव्हा सांगायचे, हा पुढचा प्रश्न. अनेकांचे मत असे की आधी नमुना पसंत पडू द्यावा, भाव ठरू द्यावा, कंपनी गुंतली म्हणजे मग हळूच सांगावे. हा हिशेब उलटा पडतो. नमुना, भाव आणि कारखान्याची पाहणी यांवर कंपनीचे दोन महिने खर्ची पडलेले असतात. त्यानंतर कळलेली मर्यादा तिला लपवलेली मर्यादा वाटते, मग ती कितीही सौजन्याने सांगितली तरी. पहिल्याच उत्तरात सांगितलेली मर्यादा मात्र केवळ माहिती असते. म्हणून मालकांनी नमुन्याबरोबरच पत्र पाठवले.

पत्र एका पानाचे होते. त्यात क्षमायाचना नव्हती आणि 'आम्ही लहान आहोत' असे दैन्यही नव्हते. पहिल्याच परिच्छेदात लिहिले होते, 'आपली दरमहा 30 टनांची गरज आम्ही एकटे पूर्ण करू शकत नाही. ऑक्टोबर ते जून दरमहा 15 टन आणि जुलै ते सप्टेंबर दरमहा 9 टन आम्ही निश्चित देऊ. सोबत मागील बारा महिन्यांच्या प्रत्यक्ष उत्पादनाचा तक्ता जोडला आहे.' पुढे लिहिले होते की प्रत्येक पाच टनांचा स्वतंत्र लॉट राहील, त्याचा ओलावा, कुरकुमिनचे प्रमाण आणि लेड क्रोमेटची चाचणी यांचा प्रयोगशाळेचा अहवाल हाती आल्यावरच माल गाडीत चढेल, म्हणून मागणीपत्र आणि माल यांत 21 दिवसांचा अवधी हवा. शेवटी दोन ओळी होत्या. कंपनीने हळकुंड पुरवले तर पैशाचा ताण राहणार नाही आणि पावसाळ्यासाठी उन्हाळ्यातच दुसऱ्या पाळीत थोडा जादा माल दळून ठेवता येईल. दुसरे यंत्र बसल्यावर आणि त्यावर सलग तीन महिने माल निघाल्यावर वाढीव आकडा कळवू, त्यापूर्वी नाही.

हे वाचून मुलगा अस्वस्थ झाला. "पहिल्याच ओळीत नाही म्हटले, तर पुढचे कोण वाचणार?" ही शंका खोटी नव्हती. काही कंपन्या खरोखरच पुढचे वाचत नाहीत. ज्यांना सबंध गरज एकाच जागेवरून हवी असते, त्या निघून जातात, आणि त्यांना थांबवण्याचा प्रामाणिक उपाय नाही. परंतु मोठ्या खरेदीदाराची भीती कशाची असते हे ओळखले पाहिजे. त्याला पुरवठादार लहान असल्याची भीती नसते. त्याला पॅकिंगची लाईन बंद पडण्याची भीती असते. पंधरा टनांचा पक्का पुरवठादार त्याच्या नियोजनात बसतो, कारण उरलेल्या पंधरा टनांची सोय तो आधीपासून दुसरीकडे करू शकतो. तीस टन सांगून कधी बावीस, कधी बारा पाठवणारा मात्र कोठेच बसत नाही. शिवाय एकाच पुरवठादारावर सारा भार न टाकण्याचे धोरण अनेक मोठ्या कंपन्यांत असतेच. त्यामुळे छोट्या पेढीसाठी जागा असते, ती दुसऱ्या पुरवठादाराची. ती जागा मागण्यात कमीपणा नाही.

चार दिवसांनी खरेदी अधिकाऱ्याचा फोन आला. त्याने पत्रावर चर्चा केली नाही, थेट कसोटीचा प्रश्न विचारला. "शेठजी, दिवाळीपूर्वीच्या दोन महिन्यांत आम्हाला जास्त माल लागतो. तेवढे दोन महिने पंचवीस टन जमवा. आसपास गिरण्या आहेतच ना?" हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक मोठा ग्राहक विचारतो, आणि बहुतेक पेढ्या येथेच घसरतात. शेजारच्या गिरणीची पावडर घेऊन आपल्या पोत्यात भरणे सोपे असते. पण ती हळद वेगळ्या शेतांतली, वेगळी शिजवलेली, वेगळ्या जाळीची असते. रंगात छटेचा फरक पडतो, कुरकुमिन खाली येते, आणि कंपनीच्या प्रयोगशाळेत तो लॉट नापास होतो. मग गाडी परत येते, दोन्हीकडचे भाडे पेढीवर पडते आणि पोत्यावर छापलेल्या नावावरचा विश्वास जातो तो वेगळाच.

मालक म्हणाले, "साहेब, दिवाळीचा माल सप्टेंबरात लागणार, आणि सप्टेंबरात आमचे दळण सर्वांत कमी असते. तो जादा माल हवा असेल तर मे महिन्यातच मागणीपत्र द्या. आम्ही दुसरी पाळी लावून दळू, चाचणी करू आणि बंद पोत्यांत कोरड्या गोदामात ठेवू. त्याचे पैसे मात्र दळण झाल्यावर लगेच द्यावे लागतील. शेजारच्या गिरणीचा माल हवा असेल तर तो त्यांच्या नावाने, त्यांच्या लॉट क्रमांकाने येईल. तिचा मालक ओळखीचा आहे, त्याच्याशी आपली गाठ घालून देतो. आमच्या पोत्यात तो येणार नाही."

या उत्तरात नकार होता, पण नकारानंतर रिकामी जागा नव्हती. किती, केव्हा, कोणत्या अटीवर आणि ते जमले नाही तर दुसरा मार्ग कोणता, या चारही गोष्टी त्यात होत्या. खरेदी अधिकाऱ्याला आपल्या वरिष्ठांपुढे मांडण्यासाठी नेमके हेच लागते. 'जमणार नाही' एवढेच सांगितले असते तर त्याच्या हाती काहीच उरले नसते. 'बघू, करू काहीतरी' असे सांगितले असते, तर त्याने ते 'हो' म्हणून लिहून घेतले असते.

पुढे पैशाच्या अटींवर चर्चा झाली. कंपनी बिलाचे पैसे 60 दिवसांनी देत असे. मालकांनी उद्यम नोंदणीचे प्रमाणपत्र दाखवून सांगितले की पेढी लघु उद्योगात मोडते, आणि 2006 च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार लेखी करार असला तरी पैसे देण्याची मुदत 45 दिवसांपेक्षा अधिक ठेवता येत नाही. लेखी करारच नसेल तर ती 15 दिवसांची असते. येथे एक मर्यादा ध्यानात ठेवावी. हे संरक्षण माल तयार करणाऱ्या उद्योगाला आहे, केवळ घेऊन विकणाऱ्या व्यापाऱ्याला नाही, त्यामुळे आडत आणि गिरणी एकाच पेढीत असेल तर बिल कोणत्या कामाचे आहे हे स्पष्ट असावे. मालकांनी हा मुद्दा धमकी म्हणून मांडला नाही. 60 दिवस लागले तर दरमहाचे 15 टन दहा-बारावर येतील, हे आकडे मांडून दाखवले. पैशाची मुदत आणि मालाचे प्रमाण यांचा असा संबंध दाखवला की तो कंपनीच्याही सोयीचा विषय होतो.

शेवटी ठरले ते असे. पहिले तीन महिने दरमहा 10 टन, उशीर झाल्यास दंडाची अट या दहा टनांपुरतीच, त्यावर दिलेला माल ऐच्छिक. तीन महिन्यांनी दोघांनी बसून आढावा घ्यायचा आणि मग 15 टनांचा करार करायचा. दिवाळीच्या जादा मालाचे हळकुंड कंपनी देणार. उरलेली गरज कंपनी निजामाबादकडील आपल्या जुन्या पुरवठादाराकडून भागवणार. मुलाच्या मनातील तीस टनांपुढे हा आकडा लहान दिसत होता, परंतु पेढीची विक्री यामुळे दुपटीहून अधिक होणार होती, आणि नांदेडच्या दुकानदाराचे एक पोतेही अडणार नव्हते.

पहिल्याच महिन्यात पाच टनांच्या एका लॉटचा ओलावा ठरल्यापेक्षा किंचित अधिक निघाला. तो लॉट पाठवायचा नाही, असे मालकांनी ठरवले, आणि माल निघण्याच्या तारखेच्या सहा दिवस आधी मुलाकडून कंपनीला फोन करवला. या वेळी मुलाने 'होईल' म्हटले नाही. पाच टन ठरल्या दिवशी निघतील, उरलेले पाच टन नऊ दिवस उशिरा, कारण लॉट पुन्हा वाळवून तपासायचा आहे, असे त्याने सांगितले. पलीकडून खरेदी अधिकारी म्हणाला, "ठीक आहे, त्या आठवड्याचे पॅकिंग मी मागे-पुढे करतो. आणि यापुढेही असेच आधी कळवत चला."